एका ओळीचा नकार

प्रश्न: परवान्याचा अर्ज एका ओळीत नामंजूर झाला. कारण दिलं नाही, बोलावलंही नाही. फेरविचारासाठी खात्याला निवेदन कसं लिहावं?

‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे शब्द त्यात अजिबात घालू नका. आमचे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ‘साहेबाला कायदा शिकवायचा नसतो,’ हे त्यांचं ठाम मत. त्यांनी सांगितलं म्हणून पहिल्या निवेदनात मी रानडुकरांनी केलेली भाताची नासाडी दोन पानं भरून लिहिली. पोच मिळाली, उत्तर नाही.

मी मागितला होता पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४(३) प्रमाणे नकाराची कारणं लेखी नोंदवावीच लागतात आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात कळवावी लागतात. देणं लोकहिताचं नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तरच ती अडवता येतात. पण मागितली तर! काकांच्या दोन पानांत ती मागणीच नव्हती.

मग माहिती अधिकारात नस्तीतली टिपणी काढली. पोलीस अहवालात एकच वाक्य होतं: कुटुंबात आधीच एक परवाना आहे. तो आजोबांचा. ते वारल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली होती आणि तिची पावती खुद्द काकांच्या कपाटात होती. मला बोलावलं असतं तर पाच मिनिटांत विषय संपला असता.

दुसरं निवेदन एका पानाचं केलं. वर आदेशाचा क्रमांक आणि दिनांक. खाली लिहिलं की आदेशात कारण नाही, ते १४(३) प्रमाणे द्यावं. अहवालातला मुद्दा मला कधी दाखवला नाही आणि तो चुकीचा आहे, सोबत पावतीची प्रत. म्हणून आदेश मागे घेऊन, सुनावणी देऊन नव्याने निर्णय घ्यावा. थेट परवाना मागितला की नाही म्हणणं सोपं असतं, सुनावणी नाकारताना मात्र खात्याला अडचण होते.

आणि निवेदनावर विसंबून राहू नका. कलम १८ खालच्या अपिलाची मुदत ३० दिवसांची, ती निवेदनाने थांबत नाही. निवेदनांवर निवेदनं दिली म्हणून मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एका नोकरीच्या प्रकरणात सांगितलंय. माझी मुदत काकांच्या दोन पानांत गेली. अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागला. अपिलात प्रकरण परत पाठवलं गेलं, सुनावणी झाली, पावती दाखवली, परवाना मिळाला.

हे सगळं शस्त्र परवान्याचं. तुमचा परवाना कशाचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा त्या कायद्यात अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, ते आधी बघा. शिवाय परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारता येत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

काका अजून म्हणतात, साहेब विरघळले ते पहिल्याच निवेदनाने. पावती मात्र आता माझ्या कपाटात आहे.