वही मिटल्यावर किती उरतं?

प्रश्न: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पेपरला चार आठवडे उरलेत. प्रत्येक धडा मी चार-पाच वेळा वाचते. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात मात्र हात थांबतो. मैत्रीण म्हणते, वाचत बसू नकोस, स्वतःचीच परीक्षा घे. याने खरंच फरक पडतो की नुसता वेळ जातो?

फरक पडतो, पण पहिल्या दिवशी दिसत नाही. त्या दिवशी वाचणंच जिंकतं, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

मी सांगलीत एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. या विषयावरचा माझा आवडता प्रयोग सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पहिल्या गटाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला, दुसऱ्याचा साडेतीनच्या आत. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 83 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे 40 वर आले होते, लिहिणारे 61 वर. चार फेऱ्या संपल्यावर मुलांना आठवड्याने किती आठवेल याचा अंदाज विचारला होता. जास्त भरवसा होता तो वाचणाऱ्यांनाच.

तुमचं नेमकं हेच होतंय. गणपती मंदिराजवळ एखादा माणूस समोर येतो, चेहरा पक्का ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. पाचव्यांदा वाचताना धडा तसा ओळखीचा झालेला असतो. पेपरात मात्र चेहरा समोर नसतो, नुसतं नाव विचारतात. पानाकडे न बघता ते बाहेर काढायची सवय वाचून होत नाही, बाहेर काढूनच होते.

आता प्रत्यक्षात कसं करायचं ते माझ्या पुतणीच्या उदाहरणाने सांगतो. ती तासगावहून एस.टी.ने ये-जा करते आणि तिला पेशीतल्या ऊर्जानिर्मितीचं क्रेब्स चक्र काही केल्या येत नव्हतं. मी तिला आकृती एकदा समजावली, वही मिटायला लावली आणि पुढ्यात पाठकोरा कागद ठेवला. आठ संयुगांपैकी तिला चार आठवली. सायट्रेट आलं, ऑक्झॅलोॲसिटेट आलं, मधलं सगळं धूसर. "काका, मला काहीच येत नाही," म्हणाली. खरं तर तिला निम्मं येत होतं आणि उरलेलं निम्मं नेमकं कोणतं, हे आता कळलं होतं. नुसतं वाचून हे कळत नाही. मग वही उघडून जे राहिलं ते तिने लाल पेनाने त्याच कागदावर भरलं. ही पायरी गाळू नका, नाहीतर चुकीचं उत्तर तसंच डोक्यात बसून राहतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. सहा आली, पण फ्युमरेट आणि मॅलेट यांची अदलाबदल झाली, आणि कार्बन डायऑक्साइड कुठे बाहेर पडतो ते सुटलं. इथे मी तिला चक्र पुन्हा वाचू दिलं नाही, प्रश्न बदलला: सायट्रेटमध्ये सहा कार्बन, शेवटी चार उरतात, मग सहाचे पाच कुठे झाले आणि पाचाचे चार कुठे? त्यावरून तिनेच शोधलं की एक कार्बन आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट होताना जातो आणि दुसरा त्यातून सक्सिनिल-कोए होताना. तेव्हापासून ती जागा तिची चुकली नाही. "क्रेब्स चक्र म्हणजे काय" असल्या प्रश्नाचं, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेलं कार्ड करून काही हाती लागत नाही. पेपरात आठ मार्कांना जे विचारतात त्याच्या सांध्यांवर प्रश्न काढायचा.

तिसरी वेळ साधारण आठवड्याने आणि चौथी पेपरच्या तीन-चार दिवस आधी. मधल्या दिवसांत दुसरे धडे. एवढं अंतर कशाला, असं तीही विचारत होती. सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली साडेतेराशेहून अधिक लोकांवर हेच तपासलं होतं. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणीत एका दिवसाचं अंतर चांगलं ठरलं, पाच आठवड्यांवर असेल तर अकरा दिवसांच्या आसपास. म्हणजे परीक्षा जितकी लांब तितकं अंतर मोठं. आकडा काही पंचांगातला मुहूर्त नाही, दोन दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. थोडं विसरायला झालेलं असावं, पण पूर्ण पुसलेलं नसावं. कागद जवळजवळ कोराच राहिला तर अंतर जास्त झालं, पेन न अडखळता सरसर चाललं तर कमी.

एक चूक मी दरवर्षी बघतो. एकदा बरोबर आलं की मुलं ते कार्ड गठ्ठ्यातून काढून टाकतात. याच रोडिगर-कार्पिकी जोडीने 2008 मध्ये स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या पाठ करायला दिल्या होत्या. एकदा जमलेला शब्द ज्यांना पुढेही विचारत राहिले त्यांना आठवड्याने 80 टक्के आठवले. ज्यांना तो विचारणं थांबवलं, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. थांबवलेल्यांपैकी एका गटाने ते शब्द पुढे वाचणं चालूच ठेवलं होतं, त्याचाही फायदा झाला नाही. त्यामुळे एकदा आलं म्हणून सोडायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा तरी येऊ द्यायचं.

दुसरी चूक बारीक आहे. कार्ड हातात घेऊन प्रश्न वाचायचा, "हो हो, हे येतं" म्हणायचं आणि उलटून बघायचं. हे वाचणंच झालं. पुतणी एस.टी.त चक्र मनातल्या मनात म्हणायची तेव्हा मी तिला बोटं मोजायला सांगितलं होतं. आठ बोटं झाली नाहीत तर वही उघडायची नाही, आधी थोडं थांबायचं.

वाचणं बाद करा असं मात्र मी म्हणत नाही. धडा कळलेलाच नसेल तर आठवायला आहे काय? तिथे पहिलं वाचन शांतपणे, समजून, हवं तर दोनदा. शिवाय उद्या सकाळी पेपर आहे आणि धडा आज हातात घेतलाय, अशी वेळ आली तर वाचाच. पाच मिनिटांनंतरच्या त्या आकड्यांत वाचणारेच पुढे होते. पुढच्या सेमिस्टरला त्यातलं फार उरणार नाही, एवढंच.

तुमच्याकडे चार आठवडे आहेत. रोज दोन नवे धडे घ्या आणि त्यांच्याआधी कालचे दोन कोऱ्या कागदावर काढा. पहिले चार-पाच दिवस वाईट जातील, कारण कागदावर रोज अर्धंच उतरेल. ते कागद फेकू नका, तारीख घालून ठेवा. पेपरच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक चाळायची गरज नाही, त्या कागदांवरची लाल शाई तेवढी वाचा.