दोन फॅक्टरच्या एपीटीमध्ये, म्हणजे आर्बिट्राज प्रायसिंग थिअरीमध्ये, सात टक्के किती वेळा मोजायचे?

प्रश्न: जोखीममुक्त दर ७%. पहिला फॅक्टर पोर्टफोलिओ (औद्योगिक वाढ) १२% देईल आणि दुसरा (व्याजदर) १०%, अशी अपेक्षा आहे. माझ्या पोर्टफोलिओचे बीटा १.२ आणि ०.४. मी ७ + १.२×१२ + ०.४×१० केलं तर २५.४% येतं, उत्तर मात्र १४.२% दिलंय. कुठे चुकतंय?

उत्तर: बीटा म्हणजे त्या फॅक्टरमधल्या बदलाला पोर्टफोलिओ किती पटीने प्रतिसाद देतो तो आकडा. त्याने गुणायचं ते फॅक्टर पोर्टफोलिओच्या पूर्ण परताव्याला नाही, तर ७ टक्क्यांच्या वर तो जेवढं जास्त देतो तेवढ्यालाच. त्या जादा भागाला रिस्क प्रीमियम म्हणतात, सूत्रात तो λ. पहिल्याचा १२ − ७ = ५, दुसऱ्याचा १० − ७ = ३.

```
E(r) = rf + b1·λ1 + b2·λ2
     = 7 + 1.2×5 + 0.4×3 = 14.2
```

तुमची मांडणी चुकली हे उत्तर न बघताही कळलं असतं. पहिल्या फॅक्टर पोर्टफोलिओचेच बीटा घाला: १ आणि ०, कारण तो फक्त आपल्याच फॅक्टरबरोबर हलतो. उत्तर १२ यायलाच हवं, कारण तो तोच पोर्टफोलिओ आहे. तुमच्या रीतीने ७ + १२ = १९ येतं. मी विद्यार्थ्यांना आकडेमोड सुरू करण्याआधी ही एक ओळ लिहायला लावतो.

आता असं का, ते पैशात बघू, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही. तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत आणि तुमच्या पोर्टफोलिओसारखेच बीटा हवे आहेत. त्यासाठी पहिल्या फॅक्टर पोर्टफोलिओत १.२ लाख आणि दुसऱ्यात ०.४ लाख घालावे लागतील. एकूण १.६ लाख झाले. वरचे ६० हजार ७ टक्क्यांनी कर्जाऊ घ्यावे लागतील. वर्षाअखेर अपेक्षित हिशेब असा: १४,४०० + ४,००० − व्याजाचे ४,२०० = १४,२००. म्हणजे १४.२%. तुम्ही कर्जाचं व्याज तर वजा केलं नाहीच, उलट १ लाखावरचे ७ टक्के वर जोडले. दोन्ही मिळून १.६ × ७ = ११.२, आणि २५.४ व १४.२ यांतला फरक नेमका तेवढाच आहे.

हा जोड-पोर्टफोलिओ म्हणजेच एपीटीचा गाभा. स्टीफन रॉस यांनी १९७६ मध्ये हा सिद्धान्त मांडला, तो याच तर्कावर उभा आहे. समजा तुमच्या पोर्टफोलिओची किंमत बाजारात अशी आहे की त्याच बीटांवर तो १५.२% देईल. मग मी त्यात १ लाख घालीन, पहिला फॅक्टर पोर्टफोलिओ १.२ लाखाचा आणि दुसरा ०.४ लाखाचा शॉर्ट करीन, म्हणजे उसना घेऊन विकीन, आणि त्यातून उरलेले ६० हजार ७ टक्क्यांनी ठेवीन. खिशातून एक रुपयाही गेला नाही. वर्षाअखेर १५,२०० − १४,४०० − ४,००० + ४,२०० = १,००० रुपये हातात. औद्योगिक वाढ अपेक्षेपेक्षा २ टक्क्यांनी जास्त आली, तर माझ्या पोर्टफोलिओवर २,४०० जास्त मिळतील आणि शॉर्टवर तेवढेच जातील. व्याजदराचंही तसंच. हे दिसताच सगळे तो पोर्टफोलिओ विकत घेतील, किंमत चढेल आणि अपेक्षित परतावा १४.२ कडे उतरेल.

इथे एक गोष्ट जपा. वरचे २ टक्के हे अनपेक्षित बदलाचे आहेत. वाढ ६% होईल असं सगळ्यांनी धरलं होतं आणि ती ६% च झाली, तर पहिल्या फॅक्टरचं मूल्य शून्य. ती बातमी किमतीत आधीच आलेली असते. वाढ ५% झाली तर फॅक्टर −१, आणि बाकी काही बदललं नाही तर त्या वर्षीचा प्रत्यक्ष परतावा १४.२ − १.२ = १३%. अपेक्षित परतावा काढताना मात्र हे धक्के सूत्रात येत नाहीत. तिथे फक्त प्रीमियम येतात.

गणिताची भाषाही नीट वाचा. ‘फॅक्टर पोर्टफोलिओचा अपेक्षित परतावा १२%’ असं असेल तर ७ वजा करा. ‘फॅक्टरचा रिस्क प्रीमियम ५%’ असं असेल तर तो वजा होऊनच आलेला आहे, पुन्हा करू नका.

आणि हे सगळं पुरेसं पसरलेल्या पोर्टफोलिओलाच चोख लागू पडतं. एकाच कंपनीच्या शेअरवर हाच सौदा केला, तर दोन्ही बीटा शून्य होऊनही त्या कंपनीची स्वतःची जोखीम शिल्लक राहते. कारखान्यात संप झाला की ते हजार रुपये सहज बुडतील. त्यामुळे एखाद्या शेअरचा अपेक्षित परतावा सूत्रापेक्षा १ टक्क्याने वेगळा दिसला, तर त्याला आर्बिट्राजची, म्हणजे जोखमीशिवाय नफ्याची, संधी म्हणता येत नाही.