लाँग स्टेपल कॉटन: लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही

प्रश्न: ‘१००% लाँग स्टेपल कॉटन’ लिहिलेली चादर साध्या सुती चादरीच्या दुप्पट किमतीला मिळतेय. लांब धाग्यामुळे खरंच ती जास्त मऊ आणि टिकाऊ असते का?

सूतगिरणीच्या तपासणी विभागात काम करतो, म्हणून सरळ सांगतो: लेबलवर एवढंच लिहिलं असेल तर दुप्पट पैसे देऊ नका.

आपल्याकडच्या वर्गवारीत २७.५ ते ३२ मिलिमीटर लांब तंतूंचा कापूस ‘लाँग’ धरतात. विदर्भातला नेहमीचा संकरित कापूस साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतो. म्हणजे यवतमाळच्या बाजारात गाडीभरून येतो तोही लाँग स्टेपलच. लेबल खोटं नाही, पण त्यात विशेष असंही काही नाही. जास्तीचे पैसे मोजावेत असा कापूस म्हणजे ‘एक्स्ट्रा लाँग’, ३२.५ च्या पुढचा. १९७४ साली कोइम्बतूरला तयार झालेला आपला सुविन, अमेरिकेचा पिमा, इजिप्तचे काही गिझा वाण हे त्यातले. नुसत्या ‘इजिप्शियन’ शब्दावरही भाळू नका. तो देश सांगतो, लांबी नाही.

आता मजबुतीचं. सुतात तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात. पीळ दिल्यावर ते एकमेकांवर दाबले जातात आणि त्या घर्षणावर सूत टिकतं. ताण आला की आखूड तंतू सरकून निसटतो, लांब तंतूला शेजाऱ्यांची पकड जास्त अंतरभर मिळते. शिवाय तंतू लांब असले की तेवढ्याच सुतात त्यांची टोकं कमी येतात. बाहेर डोकावणारी टोकं म्हणजे सुतावरची लव, आणि घासून घासून चादरीवर ज्या गोळ्या धरतात त्या याच लवेतून. टिकाऊपणाचा दावा इथपर्यंत खरा आहे.

मऊपणाला मात्र लांबी थेट जबाबदार नाही, ती वाट मोकळी करून देते. काऊंट म्हणजे सूत किती बारीक ते सांगणारा आकडा. ४० काऊंटच्या ताण्याच्या सुताला नेहमीच्या कापसात इंचाला साधारण २५ पीळ लागतात. लांब कापसात २३ वर भागतं. पीळ कमी, तेवढं सूत हाताला सैल आणि मऊ.

खरा फरक पडतो तंतूच्या बारीकपणाने. तो आम्ही मायक्रोनेअरमध्ये मोजतो, आकडा लहान म्हणजे तंतू बारीक. ४.० मायक्रोनेअरच्या कापसाचं ४० काऊंटचं सूत आडवं कापलं तर त्यात साधारण ९४ तंतू दिसतील. काऊंट जितका मोठा तितकं सूत बारीक, म्हणून त्याच कापसाचं ८० काऊंटचं सूत काढलं तर उरतात ४७. इतक्या कमी तंतूंवर सूत कुठे जाड, कुठे बारीक होतं आणि कातायच्या यंत्रावर, म्हणजे रिंग फ्रेमवर, सारखं तुटतं. तिथे ३.२ मायक्रोनेअरचा लांब कापूस घेतला की संख्या ५८ च्या पुढे जाते आणि सूत सरळ चालतं. म्हणून महाग कापसाचं चीज ८०, १०० काऊंटमध्ये होतं. ४० काऊंटच्या चादरीत तो घातला तर मजबुती वाढेल, पण हाताला फरक फारसा कळणार नाही.

एक मेख आहे. कच्च्या, न पिकलेल्या कापसाचाही मायक्रोनेअर कमी येतो. तो बारीक नव्हे, कमकुवत असतो. त्याच्या गाठी सुतात राहतात आणि रंगवल्यावर पांढरट ठिपक्यांसारख्या दिसतात. गडद रंगाची चादर उजेडात धरून हे बघता येतं.

लांबी घरीही ढोबळ तपासता येते. काठाचं चार बोटं सूत उसवा आणि पिळाच्या उलट दिशेने फिरवा. आधीच दोन पदर सुटले तर सूत दुहेरी आहे. मग एक पदर घ्या. पीळ पूर्ण गेला की दोन्ही टोकांनी हळू ओढा, सूत मधोमध विलग होईल. तिथले काही तंतू चिमट्याने काढून काळ्या कापडावर पट्टीशेजारी सरळ ठेवा. सगळे २७.५ मिलिमीटर लांब निघणार नाहीत, कारण वर्गवारीतला आकडा लांब असलेल्या निम्म्या तंतूंची सरासरी असतो आणि कारखान्यात काही तंतू तुटतातही. पण बहुतेक वीस मिलिमीटरच्या आत निघाले तर कापूस लांब असला तरी कोंबिंग झालेलं नाही असं समजा. कोंबिंगमध्ये आखूड तंतू विंचरून काढतात. माझ्या मते चादरीसाठी नुसत्या लांबीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं, कारण नीट कोंब केलेला २९ मिलिमीटरचा कापूस कोंब न केलेल्या महागड्या कापसापेक्षा गुळगुळीत सूत देतो.

तेव्हा दुकानदाराला काऊंट किती, सूत कोंब्ड आहे का आणि सिंगल की दुहेरी, एवढं विचारा. ६० काऊंट, कोंब्ड, सिंगल असं उत्तर आलं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. दुकानातला रेशमी स्पर्श मात्र हिशेबात धरू नका. त्यात बरेचदा सिलिकॉन सॉफ्टनरचा हात असतो आणि तो धुलाईगणिक कमी होत जातो.