शुभ संध्याकाळच्या जागी शुभ सकाळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परभणीच्या व्याख्यानमालेत संध्याकाळी सात वाजता तू व्यासपीठावरून ‘शुभ सकाळ’ म्हणालीस, सभागृह हसले, आणि मग तू तीन वेळा क्षमा मागितलीस, हे तुझ्या पत्रातून कळले. शब्द चुकला याची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण महाविद्यालयातले बहुतेक कार्यक्रम सकाळी होत असल्याने तोंडाला तीच सवय लागलेली असते. मला त्या तीन क्षमायाचना खटकल्या. पहिली श्रोत्यांनी मनापासून स्वीकारली असेल; दुसरीनंतर मात्र तुला धीर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि वक्त्याचे स्वागत बाजूला राहिले.

अशा वेळी आधी योग्य शब्द उच्चारावा आणि विनोद त्यानंतर करावा. ‘शुभ सकाळ... नव्हे, शुभ संध्याकाळ’ एवढे त्याच श्वासात आणि त्याच आवाजात म्हणावे. आवाज खाली गेला की श्रोतेही अवघडतात. मग सभागृहाकडे पाहावे. कोणी हसले नसेल, तर चूक बहुतेकांच्या लक्षातच आलेली नाही असे समजून पुढे जावे. तिथे विनोद करणे म्हणजे झाकलेली चूक स्वतःहून उघडी करणे होय. हसू उमटले असेल, तर मात्र एक वाक्य अवश्य बोलावे. मे महिन्यातल्या परभणीत तुला म्हणता आले असते, ‘उन्हामुळे दिवसभर घराबाहेर पडलेच नाही, त्यामुळे माझा दिवस आत्ताच उगवला आहे.’ या वाक्यात ऊन सगळ्यांच्या ओळखीचे आहे, हसू बोलणारीवरच येते आणि सकाळ–संध्याकाळच्या गोंधळाला कारणही मिळते. हशा ओसरू लागताच, तो पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, वक्त्याचे नाव घ्यावे. कार्यक्रम संपेपर्यंत त्या चुकीचा पुन्हा उल्लेख करू नये, कारण दुसऱ्यांदा तोच विनोद ऐकताना लोक केवळ सौजन्याने हसतात.

पदनाम चुकले, तर अधिक सावध राहावे लागते, कारण ते समोरच्या माणसाचे असते. नायब तहसीलदारांना तू ‘तहसीलदार साहेब’ म्हणालीस, तर ‘नायब तहसीलदार साहेब, पदोन्नती देण्याचा अधिकार शासनाचा आहे, माझा नाही’ असे म्हणून सावरता येते. हसू तुझ्या नसलेल्या अधिकारावर येते. तरीही ती पदोन्नती त्यांची अनेक वर्षे अडली आहे असे तुला ठाऊक असेल, तर हे वाक्य गिळून केवळ दुरुस्ती करावी. उलट पद खाली आले, तर विनोद अजिबात करू नये. विद्यमान सरपंचताईंना कोणी ‘माजी’ म्हटले आणि ‘आज ना उद्या व्हायचेच आहे’ असे म्हणून वेळ मारून नेली, तर सभागृह हसेलही, पण ताई ते विसरणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल. तिथे त्यांच्याकडे वळून ‘क्षमा करा ताई, आमच्या विद्यमान सरपंच’ असे स्पष्ट म्हणावे आणि नाव पूर्ण घ्यावे.

आपल्या भागात आणखी एक जागा फार जपावी लागते. प्रमुख पाहुण्यांची ओळख करून देताना घाईत ‘मराठवाडा विद्यापीठ’ एवढेच तोंडून गेले, तर लगेच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे पूर्ण नाव घ्यावे आणि थांबावे. विधिमंडळाने ठराव केला 1978 साली आणि नाव प्रत्यक्षात आले 14 जानेवारी 1994 रोजी; मधल्या वर्षांत त्या नावासाठी माणसांनी जीव गमावले आहेत. त्याचप्रमाणे तू ‘राम राम’ म्हणालीस आणि समोरून ‘जय भीम’ आले, तर आपणही ‘जय भीम’ म्हणावे. ती चूकच नाही, म्हणून तिथे सावरण्यासारखेही काही नसते.

आता 17 सप्टेंबरचे सूत्रसंचालन तुझ्याकडे आले आहे. 15 ऑगस्टची तयारी ताजी असल्यामुळे त्या दिवशी ‘स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा’ असे तोंडून जाण्याचा संभव बराच असतो. तसे झालेच, तर म्हण, ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा. आपल्याला तेरा महिने थांबावे लागले होते, मी तेवढे थांबायला हवे होते.’ मात्र पहिल्या रांगेत स्वातंत्र्यसैनिकांचे कुटुंबीय बसलेले असतील, तर पहिल्या वाक्यावरच थांब. पाहुण्यांची पदनामे आदल्या दिवशी त्यांच्याच कार्यालयात फोन करून विचारून घे, ‘विद्यमान’ की ‘माजी’ हेही विचार, आणि कार्डावर सर्वांत वर त्या दिवसाचे अभिवादन मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

तुझे,
सर