घरातल्या घडामोडींचं विनोदी बातमीपत्र लिहिताय? आधी एवढं सांभाळा

निवेदकाला हसू देऊ नका. विनोद मजकुरात असू द्या, आवाज आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसारखा कोरडाच हवा. समजा, तुम्ही "आई कुकर विसरली, हाहा!" असं लिहिलंत, तर ते असं करून बघा: "स्वयंपाकघरातून आलेल्या वृत्तानुसार, पाचव्या शिट्टीनंतरही गॅस बंद करण्यात आलेला नाही. बाबांनी जबाबदारी झटकली असून आजींनी चौकशीची मागणी केली आहे." 'करण्यात आले', 'समजते' या सरकारी थाटानेच अर्धं काम होतं.

सुरुवातीला तीनच बातम्या पुरेत: एक ठळक, एक क्रीडा (रिमोटसाठीची झुंज) आणि शेवटी हवामान, म्हणजे गच्चीवरच्या पापडांवर ढगांचं सावट.

नवखे हमखास इथे फसतात:

- वाक्यागणिक कोटी करतात.
- घटनाच अचाट घेतात. लोणच्याची बरणी फुटली तरी भागतं, घर कशाला पेटवायचं?

थेट प्रक्षेपण, जाहिराती वगैरे पुढे बघू.