यात्रेतली जुनी कॅसेट कशी शोधायची?

प्रश्न: आजोबांनी जोतिबाच्या चैत्र यात्रेत घेतलेली कॅसेट हरवली, गायकाचं नाव माहीत नाही, दोन-तीन कडवी पाठ आहेत. कुठे मिळेल?

उत्तर: पहिल्या ओळीवरून शोधू नका, चांगभलं नि गुलाल सगळ्याच गाण्यांत असतो. शेवटचं कडवं आठवा, त्यात बऱ्याचदा लिहिणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं (तोच गायक असेल असं नाही हां). ते नाव युट्यूबवर देवनागरीत टाका, मग jotiba आणि jyotiba दोन्ही स्पेलिंगनी, आणि अर्ध्या तासाचे व्हिडिओ आधी ऐका, कारण ६० मिनिटांच्या कॅसेटची एक साइड ३० मिनिटांची, लोक अख्खी साइड एकदम चढवतात नि गाण्याचं नावच लिहीत नाहीत. तरी नाही सापडलं तर यात्रेत भक्तिगीतं विकणाऱ्याला कडवं चालीत म्हणून दाखवा, नुसते शब्द सांगून त्याला ओळखू येत नाही.