एक कोटीचा टर्म प्लॅन पुरेल का?

प्रश्न: माझं वय ३६, हातात येणारा पगार ९० हजार. बायको ३४ वर्षांची, नोकरी करत नाही. मुलगी ६ वर्षांची. आई ६४ वर्षांची, तिला मधुमेह आहे. गृहकर्ज ३२ लाख बाकी. हप्ता सोडून घरखर्च ५० हजार. पीएफ आणि एफडी मिळून १३ लाख, जुन्या पॉलिसीचं कव्हर ६ लाख. ऑफिसचा मेडिक्लेम ५ लाखांचा, त्यात आईही आहे. एजंट एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या म्हणतोय. पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. पावणेदोन कोटींचा घ्या.

हिशोब पगारावरून नको, घरखर्चावरून करू. ५० हजारांतले तुमचे स्वतःचे साधारण १० हजार वजा केले, तर घराला महिन्याला ४० हजार लागतील, म्हणजे वर्षाला ४.८ लाख. ही सोय ४० वर्षं, पत्नी ७४ वर्षांच्या होईपर्यंत हवी. गुंतवणुकीवर महागाईपेक्षा २ टक्के जास्त सुटतील असं धरलं, तर आज वर्षाच्या खर्चाच्या २७ पट रक्कम लागते: सुमारे १ कोटी ३० लाख. त्यात कर्जाचे ३२ लाख आणि मुलीच्या शिक्षणाचे, आजच्या भावाने, २५ लाख मिळवा. झाले १ कोटी ८७ लाख. हाताशी असलेले १९ लाख वजा केले की १ कोटी ६८ लाख उरतात. राहतं घर यात धरलेलं नाही, कारण ते विकून कुटुंब जाणार कुठे?

एजंटच्या एक कोटीत काय होईल तेही पाहा. कर्ज फेडून आणि शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवून, शिल्लक धरूनही खर्चाला ६२ लाख राहतात. ते साधारण १५ वर्षांत संपतील. तेव्हा पत्नी जेमतेम ४९ वर्षांच्या असतील.

कव्हर वयाच्या ६० पर्यंत पुरे. प्रीमियम परत देणारा प्रकार घेऊ नका. त्याचा प्रीमियम बराच जास्त असतो आणि मग कव्हर कमी घेण्याचा मोह होतो.

मेडिक्लेमचं म्हणाल, तर ऑफिसचं कव्हर नोकरीबरोबर जातं, त्यामुळे ते हिशोबात धरू नका. तुम्ही तिघांसाठी १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच कव्हर, आणि त्यावर १० लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले १० लाख सोडून वरचं बिल भरणारा, २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या. ‘सुपर’ हा शब्द पॉलिसीवर नीट पाहून घ्या. समजा, वर्षात ६-६ लाखांची दोन बिलं झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, त्यामुळे एक रुपयाही देणार नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज धरतो आणि वरचे २ लाख देतो.

आईंची पॉलिसी वेगळी ठेवा. फ्लोटरचा प्रीमियम सहसा सगळ्यात मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, त्यांना आत घेतलं तर तिघांचाही भार वाढेल. फॉर्ममध्ये मधुमेह, चालू गोळ्या, सगळं लिहा. लपवलेलं क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरमधून बाहेर येतं आणि क्लेम नाकारला जातो. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ही पॉलिसी नोकरी चालू असतानाच काढा. तो काळ ऑफिसच्या कव्हरवर निभावेल.